हेबियस कॉर्पस: ‘हजर करा’ आणि ‘याचिका निकाली’ यांच्या मधे कोर्टात काय घडतं

प्रश्न: बातमीत येतं, ‘हेबियस कॉर्पस याचिकेवर हायकोर्टाचे मुलीला हजर करण्याचे आदेश’. आठवड्याभराने येतं, ‘याचिका निकाली’. म्हणजे वडील जिंकले की हरले? कोर्ट यात नेमका आदेश काय देतं? आणि कुणाला अटक झाली की घरचे हीच याचिका करतात, तरी माणूस आतच का राहतो?

उत्तर:

‘हजर करा’ हा या प्रकरणातला पहिला टप्पा आहे. त्यात कोणीही जिंकलेलं नसतं. हेबियस कॉर्पसमध्ये, म्हणजे संविधानाच्या मराठी पाठातल्या देहोपस्थितीच्या आदेशात, कोर्ट एकच गोष्ट तपासतं: ही व्यक्ती आज कोणाच्या ताब्यात आहे आणि त्या ताब्याला कायद्याचा आधार आहे का? आधार नसेल तर त्या व्यक्तीला मोकळं करायचं. गुन्हा खरा की खोटा, लग्न वैध की अवैध, मुलीने केलं ते बरोबर की चूक, यातलं काहीही या याचिकेत ठरत नाही. वर्षानुवर्षं मी हे काम करतो, तरी पालकांना ही मर्यादा समजावून सांगणं मला अजून सोपं जात नाही, कारण ते कोर्टात मुलगी परत न्यायला आलेले असतात.

उच्च न्यायालयात ही याचिका अनुच्छेद २२६ खाली ‘क्रिमिनल रिट पिटीशन’ म्हणून दाखल होते आणि दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे येते. जी व्यक्ती ताब्यात आहे ती स्वतः येऊ शकत नाही, म्हणून आई, वडील, नवरा, बायको, मित्र यांपैकी कोणीही याचिका करू शकतो. त्या व्यक्तीला कोर्टाच्या रोजच्या बोलण्यात ‘कॉर्पस’ म्हणतात. जिवंत माणसाला असं म्हणणं ऐकणाऱ्याला खटकतं, पण आदेशातही तोच शब्द दिसेल.

आता एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. ते माझं रचलेलं आहे, पण यातली प्रत्येक पायरी अशाच क्रमाने घडते.

नाशिक जिल्ह्यातली १९ वर्षांची मुलगी कॉलेजला म्हणून बाहेर पडली आणि परतली नाही. वडिलांनी पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल केली. गावातला एक मुलगाही त्याच दिवसापासून दिसत नाही. तीन आठवडे पोलीस ‘तपास चालू आहे’ एवढंच सांगतात. वडील उच्च न्यायालयात येतात. याचिकेत राज्य सरकार, संबंधित पोलीस ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक आणि तो मुलगा असे प्रतिवादी असतात. इथेच पहिली अडचण येते. मुलगी नुसती बेपत्ता आहे, एवढ्यावर ही याचिका टिकत नाही. तिला कोणीतरी डांबून ठेवलं आहे असं मानायला काय आधार आहे, ते शपथेवर सांगावं लागतं: शेवटचा फोन कधी आला, ती काय म्हणाली, फोनवर मागून कोणी बोलत होतं का, आधी धमक्या होत्या का. नुसत्या बेपत्ता माणसाचा शोध हे पोलिसांचं काम आहे, हेबियस कॉर्पस त्याची जागा घेऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. तरीही मुलीचा प्रश्न असला की बहुतेक खंडपीठं पहिल्या तारखेला याचिका फेटाळत नाहीत. सरकारी वकिलांना पोलिसांकडून माहिती घ्यायला सांगतात.

पहिल्या तारखेचा आदेश जेमतेम एका पानाचा असतो. तपास अधिकाऱ्याने आजवर काय केलं त्याचा अहवाल द्यावा, पुढच्या तारखेला स्वतः हजर राहावं आणि मुलगी सापडली तर तिला कोर्टापुढे आणावं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात याचा ‘पोलिसांना दणका’ होतो. पोलिसांवर दबाव येतो हे खरं आहे. तीन आठवडे न मागवलेले कॉल रेकॉर्ड दोन दिवसांत येतात, मोबाइलचं लोकेशन सुरतेत दिसतं आणि महिला शिपायासह पथक तिकडे जातं. पण कायद्याच्या दृष्टीने अजून काहीच ठरलेलं नाही. मुलगी डांबलेली आहे असंही कोर्टाने म्हटलेलं नाही.

सगळ्यात जास्त गडबड होते ती यानंतरच्या चोवीस तासांत. मुलीला सुरतेहून आणून थेट पोलीस ठाण्यात बसवतात. तिथे आई, मामा, गावचे पुढारी जमलेले असतात. आई रडते, कोणी समजावतो, कोणी दम देतो आणि मग तिचा ‘जबाब’ लिहून घेतात. असा जबाब कोर्टापुढे आला की त्याला किती किंमत द्यायची हे अनुभवी न्यायमूर्तींना कळतं. म्हणून ते कागद बाजूला ठेवून तिच्याशी स्वतः बोलतात, शक्यतो चेंबरमध्ये. आई-वडील, तो मुलगा, पोलीस, वकील सगळे बाहेर. प्रश्न साधे असतात: वय काय, कोणाबरोबर राहतेस, स्वतःहून गेलीस का, कोणाची भीती वाटते का, आता कुठे जायचं आहे? मुलगी प्रश्नाचं उत्तर देण्याआधी दाराकडे बघते का, घोकलेलं वाक्य परत परत म्हणते का, याकडेही लक्ष असतं.

आपल्या गोष्टीतली मुलगी म्हणते, मी माझ्या मर्जीने गेले, आम्ही लग्न केलं, मला घरी जायचं नाही. शाळेच्या दाखल्यावरून ती १९ वर्षांची आहे हे पक्कं होतं. मग शेवटचा आदेश येतो. त्याचा मराठीत सारांश असा: ‘कॉर्पस आमच्यापुढे हजर आहे. आम्ही तिच्याशी बोललो. ती सज्ञान असून स्वेच्छेने राहत असल्याचं तिने सांगितलं. ती बेकायदा ताब्यात असल्याचं आम्हाला दिसत नाही. तिला इच्छेनुसार कुठेही जाण्याची मुभा आहे. याचिकेत आणखी काही उरत नाही, ती निकाली काढण्यात येते.’ पुष्कळदा एक ओळ जास्त असते: पोलिसांनी तिला सांगेल त्या ठिकाणी सुरक्षित पोचवावं आणि गरज असेल तर काही आठवडे संरक्षण द्यावं.

तर वडील हरले का? याचिकेतला प्रश्न सुटला: मुलगी कुठे आहे ते कळलं, ती जिवंत आहे आणि तिला कोणी डांबलेलं नाही. मुलगी घरी आली नाही, कारण सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कोणाच्या घरी पाठवण्याचा अधिकार या याचिकेत कोर्टालाच नाही. ‘निकाली’ या एका शब्दाखाली बातमीत हे सगळं दडून जातं. ‘फेटाळली’ आणि ‘निकाली काढली’ यांतला फरकही बातमीत पुसला जातो. याचिकेत तथ्य नाही किंवा ती या मार्गाने चालतच नाही असं कोर्टाला वाटलं तर ती फेटाळली जाते. हेतू साध्य झाला किंवा प्रश्नच उरला नाही तर निकाली निघते.

आणखी एक गोष्ट ‘निकाली’मुळे लोकांना चुकीची वाटते. वडिलांनी मधल्या काळात त्या मुलावर अपहरणाची फिर्याद दिली असेल, तर ती या आदेशाने आपोआप संपत नाही. मुलगी कोर्टात म्हणाली की मी स्वतः गेले, तरीही गुन्हा पोलीस ठाण्याच्या नोंदीत तसाच राहतो. तो रद्द करायला वेगळा अर्ज लागतो, किंवा पोलिसांनी तसा अंतिम अहवाल द्यावा लागतो. कोर्टाने सोडलं म्हणून निर्धास्त झालेला मुलगा दोन महिन्यांनी त्याच गुन्ह्यात अटकेत गेलेला मी पाहिला आहे.

याच गोष्टीत मुलगी १७ वर्षांची असती तर शेवट वेगळा झाला असता. अल्पवयीन मुलीची ‘मर्जी’ कोर्ट ऐकून घेतं, पण तिला त्या मुलाबरोबर जाऊ देत नाही. ती आई-वडिलांकडे जायला तयार असेल तर त्यांच्याकडे, नसेल तर बाल कल्याण समितीपुढे आणि तिथून बालगृहात. म्हणून अशा प्रकरणांत खरी लढाई वयाच्या दाखल्यावर होते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मधला क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या क्रमात नाही, हे बऱ्याच जणांना कोर्टात उभं राहिल्यावर कळतं.

मुलगी १८ पूर्ण आणि मुलगा २१ च्या आत असेल तर? लग्न वैध की नाही हा प्रश्न राहतो, पण ती तिच्या मर्जीने त्याच्याबरोबर राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने मुलीला वडिलांच्या ताब्यात दिलं होतं आणि तो आदेश रद्द झाला.

त्याच वर्षीचं हादिया प्रकरण तर या विषयातला सगळ्यात मोठा धडा आहे. वडिलांच्या हेबियस कॉर्पस याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये हादियाचं लग्नच रद्दबातल ठरवलं आणि तिला वडिलांच्या घरी पाठवलं. ती चोवीस वर्षांची, वैद्यकीय शिक्षण घेणारी बाई होती. २७ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तिला समोर बोलावून विचारलं आणि शिक्षण पुरं करायला सेलमच्या कॉलेजात पाठवलं. ८ मार्च २०१८ ला उच्च न्यायालयाचा आदेश रद्द झाला. कारण तेच, जे मी सुरुवातीला सांगितलं: या याचिकेत लग्नाचा निवाडा करता येत नाही. सज्ञान बाई समोर येऊन ‘मी मोकळी आहे’ म्हणाली की कोर्टाचं काम संपतं. हे समजायला देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि दरम्यान तिचे कित्येक महिने वडिलांच्या घरात पहाऱ्यात गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

उलट दिशेच्या याचिकाही येतात, त्या बातम्यांत कमी दिसतात: घरच्यांनीच मुलीला कोंडून ठेवलं म्हणून तिचा नवरा, मित्र किंवा मैत्रीण कोर्टात येते. अशा वेळी काही उच्च न्यायालयं ‘तिला थोडा विचार करू द्या’ म्हणून समुपदेशनाला पाठवत, कधी आई-वडिलांकडेच ठेवून पुढची तारीख देत. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्याच एका प्रकरणात याबद्दल सर्व न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या. अशा याचिका तातडीने ऐकायच्या, त्या व्यक्तीशी एकांतात बोलायचं, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवायचा प्रयत्न करायचा नाही आणि परत जायचं नाही म्हणाली तर तिला त्याच क्षणी मोकळं करायचं. तेव्हा यापुढे बातमीत ‘समुपदेशनासाठी पाठवले’ असं वाचलंत तर आदेश मिळवून जरूर वाचा.

आता अटकेकडे. इथे याचिकेचं आयुष्य फार थोडं असतं. पोलिसांनी माणसाला उचललं, ठाण्यात अटकेची नोंद नाही आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं नाही, तर तो ताबा अनुच्छेद २२ च्या विरुद्ध आहे आणि हेबियस कॉर्पस अगदी योग्य आहे. प्रत्यक्षात काय होतं? सकाळी वकील याचिका तातडीने घ्या म्हणून खंडपीठापुढे उल्लेख करतात, सरकारी वकील दुपारपर्यंत वेळ मागतात आणि दुपारी सांगतात की अटक काल रात्री दाखवली आहे, आत्ताच न्यायालयात हजर करून पोलीस कोठडी घेतली. एवढं झालं की या याचिकेतला जीव गेला. ताबा कायदेशीर आहे की नाही हे कोर्ट सुनावणीच्या दिवशीची स्थिती बघून ठरवतं, आणि त्या दिवशी माणूस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने कोठडीत आहे.

ठाण्याचं सीडीआर प्रकरण, म्हणजे लोकांचे कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवल्याचं प्रकरण, याचं नेमकं उदाहरण आहे. मार्च २०१८ मध्ये एका वकिलाला ठाणे पोलिसांनी अटक केली. दंडाधिकाऱ्यांनी त्याला पोलीस कोठडी दिली. पत्नीच्या हेबियस कॉर्पस याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने अटकेत कायद्याची प्रक्रिया पाळली गेली नाही असं म्हणत २१ मार्चला त्याची तात्काळ सुटका करायला सांगितलं. बातम्यांत ते मोठ्या मथळ्याने आलं. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, ही बातमी तुलनेने थोड्यांनी वाचली. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: त्या दिवशी तो दंडाधिकाऱ्याच्या कोठडी आदेशाखाली होता, त्या आदेशाला याचिकेत आव्हानच नव्हतं, मग ताबा बेकायदा कसा म्हणायचा?

यातून कामाची गोष्ट निघते ती अशी. रिमांड झाल्यावर, म्हणजे दंडाधिकाऱ्याने कोठडीचा आदेश दिल्यावर, नुसतं ‘माणूस हजर करा’ म्हणणं पुरत नाही. अटक आणि रिमांडचा आदेश, दोन्हींना नाव घेऊन आव्हान द्यावं लागतं. रिमांड अधिकाराबाहेर जाऊन दिला, किंवा कागद न वाचता यांत्रिकपणे दिला, असं दाखवता आलं तर रस्ता उघडा आहे. अटकेची कारणं लेखी दिली नाहीत हा मुद्दा गेल्या काही वर्षांत फार जोरदार झाला आहे आणि त्यावर माणसं सुटलीही आहेत. नाहीतर मार्ग जामिनाचाच. म्हणून ‘हेबियस कॉर्पस मागे घेतली, जामिनासाठी अर्ज’ असं वाचलंत तर तो पराभव समजू नका. मधल्या तासांत रिमांड झाला आणि वकिलाने मार्ग बदलला, एवढाच त्याचा अर्थ असतो.

स्थानबद्धतेच्या याचिका तिसऱ्या प्रकारच्या. झोपडपट्टीदादा, धोकादायक व्यक्ती अशांना रोखण्यासाठी महाराष्ट्राने केलेल्या एमपीडीए कायद्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी एखाद्याला खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत तुरुंगात ठेवू शकतात. या आदेशाविरुद्धची याचिकाही मुळात हेबियस कॉर्पसच असते, पण तिच्यात कोणालाही कोर्टात हजर करत नाहीत. नक्षलवादी नेते कनू सन्याल यांच्या याचिकेवर १९७३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाला समोर न आणताही ताब्याची वैधता तपासता येते. इथे सगळी लढाई कागदांवर होते: शेवटच्या गुन्ह्यात आणि आदेशात किती दिवस गेले, जामिनाचा आदेश अधिकाऱ्याने पाहिला होता का, गोपनीय साक्षीदारांचे जबाब कोणी पडताळले. आदेशाची शेवटची ओळ नीट वाचा. ‘रूल मेड अॅबसोल्यूट’ म्हणजे याचिका मंजूर, ‘रूल डिस्चार्ज्ड’ म्हणजे नामंजूर. आणि सुटकेच्या आदेशाला जवळजवळ नेहमी एक शेपूट असतं: ‘दुसऱ्या कोणत्याही प्रकरणात हवा नसल्यास’. त्यामुळे स्थानबद्धता रद्द होऊनही माणूस जुन्या गुन्ह्याच्या न्यायालयीन कोठडीत राहू शकतो. घरचे तुरुंगाच्या दारात थांबतात आणि तो बाहेर येत नाही, यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

मग माणूस सापडलाच नाही तर कोर्ट काय करतं? बहुतेक वेळा तपास वरच्या अधिकाऱ्याकडे सोपवतं, ठरावीक दिवसांनी अहवाल मागवतं आणि शेवटी पोलिसांनी शोध चालू ठेवावा असं सांगून याचिका निकाली काढतं. पण माणूस सरकारी यंत्रणेच्याच ताब्यात शेवटचा दिसला असेल तर कोर्ट एवढ्यावर थांबत नाही. मणिपूरच्या हुइनिंग गावातून १९८२ मध्ये दोन जणांना लष्कराच्या छावणीत नेलं गेलं आणि ते परतले नाहीत. सरकार म्हणालं, ते आमच्याकडे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही आणि १९८३ मध्ये त्यांना हजर करण्याचा आदेश दिला. हजर करता आलं नाही, तेव्हा १९८४ मध्ये दोघांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश झाला आणि पोलिसांना तपास सुरू करायला सांगितलं गेलं. त्याआधी १९८३ मध्येच, निर्दोष सुटल्यावरही बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षं राहिलेल्या एका माणसाच्या हेबियस कॉर्पस याचिकेत पस्तीस हजारांची भरपाई दिली गेली होती. तो आधीच बाहेर आलेला असल्याने सुटकेचा आदेश द्यायला काही उरलं नव्हतं, तरीही कोर्टाने याचिका तेवढ्यावर संपवली नाही.

तुमच्या ओळखीत आज असा प्रसंग असेल, तर एक सांगतो. कोणी खासगी माणसाने कुणाला कोंडून ठेवलंय आणि पत्ता माहीत आहे, तर आधी जवळच्या प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली ते झडतीचं वॉरंट काढून त्या माणसाला आपल्यापुढे आणवू शकतात. जुन्या फौजदारी संहितेत हे कलम ९७ होतं. तालुक्याच्या गावी, कमी खर्चात आणि पुष्कळदा त्याच दिवशी हे होऊ शकतं. उच्च न्यायालयाची याचिका तयार करायलाच त्यापेक्षा जास्त वेळ जातो.